मान मोकळी

“मॅडम, डोकं टेकवा.”

बेंचवर उताणी झोपले होते, हातात बार होता आणि मागे उभा असलेला आमचा ट्रेनर हे एकच वाक्य एकसारखं म्हणत होता. डोकं टेकवायला माझी ना नव्हती, पण ते टेकतच नव्हतं. बरोबर जिथे डोकं बेंचला लागतं तिथे माझा मुठीएवढा अंबाडा होता. त्यावर भार दिला की हनुवटी छातीकडे जायची आणि भार काढला की मान अधांतरी. डावीकडे कलून पाहिलं, उजवीकडे कलून पाहिलं, तर अंबाडाही माझ्याबरोबर तिकडे सरकला. त्यातल्या यू पिनने तेवढ्यात आपलं टोक कातडीत रोवलं. ट्रेनर पोरगेला, डोक्यावर मशिन फिरवलेली. त्याला बिचाऱ्याला वाटलं, मी घाबरून मान ताठ धरलीय. “रिलॅक्स मॅडम, मी धरलाय बार.” सेट झाला, बार रॅकवर गेला. मान मात्र दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना बोलायला लागली.

यात चूक कुणाचीच नव्हती, तरी ते वाक्य मनातून जाईना. कळत्या वयापासून केस बांधतेय, आरशात बघून चोख बांधतेय, आणि एका बाकड्यावर आडवं व्हायची वेळ आली तर डोकं ठेवायला जागा नाही म्हणजे काय? अंबाडा उभ्याने बांधायचा, उभ्याने बघायचा आणि उभ्यानेच “बसला छान” म्हणायचं, अशीच आपली रीत. झोपून बघायची गरज कधी पडलीच नव्हती.

केस वर घ्यायचे ते घामापायी. माझं माहेर नगरकडचं. तिथे एप्रिलच्या उन्हातसुद्धा घाम आला कधी नि वाळला कधी ते कळत नाही, हाताला नुसतं मीठ लागतं. ठाण्यात खाडीकाठी राहायला आल्यावर पहिल्यांदा कळलं की घाम येण्याने गार वाटत नाही, तो वाळण्याने वाटतं. इथे हवेतच इतकं पाणी की घामाला वाळायची सोय नाही, तो नुसता ओघळतो. आमच्या जिममध्ये दुपारच्या बायकांच्या बॅचला एसी लावत नाहीत, भिंतीवरचे मोठे पंखे फिरत असतात. त्यांचा वारा थेट कातडीला लागला तर काय ती सुटका. मानेवर केस असतील तर त्यांच्याखालची हवा ओली होते आणि तिथेच कोंडून राहते. पंखा कितीही मोठा असो. पाच मिनिटांत केस मानेला चिकटतात. मग टीशर्टच्या गळ्याची शिवण आणि ओल्या बटा यांच्यामध्ये मानगूट घासलं जातं, मीठ चुरचुरतं आणि संध्याकाळपर्यंत घामोळ्याची लाल पट्टी उठते. मंगळसूत्र मी जिमला जाताना घरीच काढून ठेवते, त्याचंही कारण हेच. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही, पण तो विषय वेगळा.

सुरुवातीला इतर जणींसारखी मीही उंच पोनी बांधायची. आरशात झोकात दिसते, बांधायला अर्धं मिनिट लागतं आणि चालताना मान खरंच मोकळी राहते. पण ट्रेडमिलचा वेग वाढवून पळायला लागलं की पोनी डावीकडून उजवीकडे झुलू लागते. कोरडी असेपर्यंत मजा वाटते. टोक घामाने भिजलं की तेच टोक एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर सपकन बसतं, मध्येच मानेला वेढा घालतं, आणि शेजारच्या ट्रेडमिलवरच्या काकू आपला टॉवेल त्या बाजूला टांगून ठेवतात. मला तेव्हा एक कोडं पडलं होतं. पळताना डोकं तर वर-खाली होतं, मग पोनी आडवी का झुलते?

हे कोडं माझ्या आधी एका मोठ्या माणसाला पडून गेलं होतं. जोसेफ केलर या अमेरिकन गणितज्ञाने २०१० मध्ये यावरच एक शोधनिबंध लिहिला. त्याचं सार असं, की लटकणाऱ्या वस्तूचा आधार वर-खाली हलवत राहिलं आणि ते हलणं त्या वस्तूच्या स्वतःच्या झुलण्याच्या साधारण दुप्पट गतीचं असलं, तर ती सरळ लटकून राहूच शकत नाही. जराशी कलली की ते कलणं वाढत जातं. पळताना दर पावलाला डोकं एकदा वर-खाली होतं. दीड वितीच्या पोनीला इकडून तिकडे जाऊन परत यायला सेकंदभर लागतो आणि रमतगमत पळताना सेकंदाला दोन-अडीच पावलं पडतात. म्हणजे दोन पावलांत पोनीची एक फेरी, गणित अगदी चपखल बसतं. २०१२ साली केलरना आणि पोनीच्या आकाराचं गणित मांडणाऱ्या इंग्लंडमधल्या तिघांना मिळून भौतिकशास्त्राचं इग नोबेल दिलं गेलं. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. मला त्यातून एवढंच हवं होतं: पोनी कितीही घट्ट बांधली तरी झोका थांबणार नाही, कारण तो गाठीत नाही, लटकण्यात आहे. लटकतं टोकच ठेवायचं नाही, हा एकच उपाय.

म्हणून मग अंबाडा. आमच्या घरात सगळ्यांचा तोच. आजीचा तर एकही पिन न लावता व्हायचा. केसांना पीळ द्यायचा, मानेलगत वेटोळं घालायचं आणि टोक आतून ओढून खोचायचं. पहाटे घातलेला अंबाडा गोठा, चूल, खुरपणी सगळं होऊन रात्रीपर्यंत टिके. सुटलाच तर दुसऱ्या हातातलं काम न सोडता एका हाताने पुन्हा बसे. लहानपणी मी तिच्या मागे बसून तो बघायचे. घामाने तिच्या मानेवरचे पांढरे बारीक केस चिकटलेले असत आणि त्यांना धुराचा, शेणाचा नि खोबरेल तेलाचा मिळून एक वास यायचा. तो मला आवडायचा आणि जवळ गेलं की नकोसाही व्हायचा. ती पदराच्या टोकाने मान पुसायची आणि पदर पुन्हा डोक्यावरून घ्यायची. तिला उकडत असणारच. मग तिने अंबाडा वर का नाही घेतला, मानेवरच का ठेवला?

एवढी वर्षं हा प्रश्न पडला नव्हता, तो त्या बेंचमुळे पडला. उत्तर तिच्या डोक्यावर होतं, हंड्याच्या रूपाने. आडावरून पाणी आणायचं तर टाळूवर चुंबळ बसायला हवी आणि चुंबळ बसायची तर टाळू सपाट हवी. सरपणाची मोळी, वैरणीचा भारा, बाजाराची पाटी, सगळं तिथेच यायचं. टाळूवर बुचडा बांधला असता तर हंडा घराऐवजी रस्त्यात आला असता. शिवाय तिचं प्रत्येक काम वाकून, उकिडवं किंवा मांडी घालून करायचं. उताणं झोपून करायचं काम दिवसभरात एकही नाही. डोक्याची मागची बाजू कुठेच टेकायची नसे. तेवढी एक जागा कामाला लागत नव्हती, म्हणून अंबाडा तिथे गेला. मानेला उकडलं तर उकडलं.

जिममध्ये हे सगळं उलटं होतं. बेंचला डोक्याची मागची बाजू हवी. स्क्वॉटला बार मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या वरच्या मांसल भागावर बसतो, तेव्हा मानगूट रिकामं हवं. तिथे लांब वेणी सोडलेली असली तर ती बारखाली दाबली जाते आणि खाली बसताना नजर जरा खाली गेली की टाळूपर्यंत कळ येते. आमच्या बॅचमधली एक जण त्यापायी बार घेऊन तशीच अर्ध्यात थांबली होती. मॅटवर प्लँकला वेणी पुढे घसरते आणि हात नेमका तिच्यावरच पडतो. म्हणजे मागची बाजू नाही, मानगूट नाही, खांदा नाही. उरते टाळू, आजीने हंड्यासाठी राखून ठेवलेली. माझ्या डोक्यावर हंडा नाही.

जागा कळल्यावर मग बांधायचं कसं ते बघायला लागले. माझे केस कमरेपर्यंत, दाट आणि किंचित नागमोडी आहेत, त्यामुळे मी सांगतेय ते अशा केसांचं. न्हायल्याच्या दिवशी केस फार निसरडे असतात, त्या दिवशी काहीही केलं तरी सुटतं. दुसऱ्या दिवसापासून नीट बसतात. मी कमरेत वाकून सगळे केस पुढे पाडते आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने मानेकडून टाळूकडे विंचरते. असं उलटं विंचरलं की मानेवरच्या बटा सैल राहत नाहीत, सरळ उभं राहून विंचरलं की हमखास राहतात. दोन्ही अंगठे कानांच्या वरच्या टोकांवर ठेवून बोटं डोक्यावर जुळवली की जिथे मिळतात, त्याच्या दोन बोटं मागे पोनी बांधायची. त्याहून मागे गेलं की ती बेंचला लागते, त्याहून पुढे आलं की पाचव्या मिनिटाला कपाळावर झुकते. रबर कापड मढवलेलं, जाडसर. दोन वेढे पुरतात. तिसरा वेढा केस ओढूनच बसणार असेल तर सोडून द्यायचा.

आता त्या पोनीची शेवटपर्यंत साधी तिपेडी वेणी. नुसता पीळ देऊन बुचडा घातला तर झटपट होतो, पण पीळ सुटायलाच बघत असतो आणि घामाने केस ओले झाले की त्याला निमित्त मिळतं. वेणीत तिन्ही पेड एकमेकांना धरून असतात. ती वेणी पोनीच्या बुडाभोवती गुंडाळायची, पण एकावर एक मजले चढवत नाही. पहिला वेढा डोक्याला लागून, दुसरा त्याच्या बाहेरून, तोही डोक्याला लागूनच, जिलबी घालतात तसा. बुचडा उंच झाला की उडी मारताना त्याचं वजन वर-खाली हेलपाटतं आणि बूड सैल करतं. पसरट असला की डोक्याबरोबर हलतो. टोक खाली खोचायचं आणि सगळ्यावरून एक रुंद, मऊ स्क्रंची. पिन एकही नाही, लोखंडाची तर नाहीच.

मग घरच्या फरशीवर उताणं झोपून बघायचं. डोकं टेकलं आणि हनुवटी छताकडे राहिली तर जागा बरोबर. दहा उड्या मारायच्या. सगळा बुचडा एकगठ्ठा डुगडुगला तर आतलं रबर सैल आहे. बुचडा जागेवर राहून वेटोळं उलगडायला लागलं तर बाहेरची स्क्रंची सैल आहे. हे दोन्ही बिघाड दिसायला सारखेच दिसतात, म्हणून बायका आतलं रबर आवळत सुटतात आणि डोकं दुखवून घेतात.

वेणी करून ती वर दुमडायची, हे माझ्या हातांना नवीन नव्हतं. शाळेत दोन वेण्या, त्या कानामागे दुमडून लाल रिबिनीने वर बांधलेल्या, हा नियमच होता. आई सकाळी गॅसवर कुकर ठेवून वेण्या घालायची. शिट्टी व्हायच्या आत दोन्ही झाल्या पाहिजेत म्हणून तिचा हात असा चाले की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. “हलू नकोस गं,” म्हणून कंगव्याचा टोला बसायचा तो वेगळाच. त्या वेण्यांचा मला भयंकर राग होता. दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर रिबिनी मी जिन्यातून खाली फेकल्या होत्या. आज कबूल करायला हवं की कवायतीच्या तासाला भर उन्हात साठ मुली घामाघूम व्हायच्या, पण मान एकीचीही झाकलेली नसायची. राग तरी पूर्ण गेलेला नाही. ती ओढ अजून कानशिलांवर आठवते.

ती ओढच या सगळ्यातला खरा धोका आहे. केस रोज एकाच जागी आवळून बांधले की मुळांवर ताण येत राहतो आणि कानशिलांपाशी, कपाळाच्या कडेला केस विरळ होऊ लागतात. वेळेत ओळखलं आणि सैल सोडलं तर परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर ती जागा कायमची मोकळी होते. खूण सोपी आहे. केस सोडल्यावर टाळू हुळहुळली, कडेला बारीक पुळ्या दिसल्या किंवा भुवया उचलताना ताण जाणवला तर त्या दिवशीचं बांधणं जास्त झालं. मी बुचडा जिममधून निघतानाच सोडते. पूर्वी तो तसाच घेऊन घरी यायचे, स्वयंपाक उरकायचे. आतले केस रात्रीपर्यंत ओले राहायचे आणि उशीला कुबट वास यायचा. आता घरी आल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बोटांनी मुळं मोकळी करते. केस वाळेपर्यंत कंगवा लावत नाही, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो. रोज न्हायची मात्र मी नाही. एवढे केस वाळायला पावसाळ्यात अख्खा दिवस लागतो.

आणि मानेवरचे आखूड केस? ते कुठल्याच बुचड्यात येत नाहीत. काही तुटके, काही नवे उगवलेले, बोटभर लांबीचे. जुन्या मलमलच्या ओढणीची चार बोटं रुंद पट्टी कापून मी ती मानगुटाखालून वर घेते आणि बुचड्याच्या पुढे गाठ मारते. आखूड केस वर दाबले जातात, कपाळावरचा घाम डोळ्यांत येत नाही आणि पट्टी रोज साबणाने धुता येते. विकतच्या चकचकीत पट्ट्या घाम शोषत नाहीत, नुसत्या घसरतात.

एवढा खटाटोप बघून ऑफिसमधल्या एकीने विचारलंच, “अगं, कापून का टाकत नाहीस?” सरळ प्रश्न आहे आणि त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माझ्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलं असणार, त्या टोकाने लॉकडाउनच्या आसपासचे दिवस पाहिलेत. म्हणून जपायचं का? तसंही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं, ते उतरवायला रात्रभर धडपडताना तिचे केससुद्धा कापले, ही बातमी वाचून मी चहा तसाच ठेवला होता. तिच्यापुढे आख्खं ऑलिंपिक होतं. माझ्यापुढे दुपारची बॅच आहे, पदक नाही, वजनकाट्याची भीती असली तरी ती वेगळ्या प्रकारची. उकाड्यात केस नकोसे होतात आणि रविवारी न्हाऊन गच्चीत सोडले की हवेसे. दोन्ही खरं आहे. पार्लरवाली दरवेळी “किती कापू?” विचारते आणि मी दोन बोटं दाखवते.

परवा बॅचमधली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, “ताई, तुमच्यासारखा बुचडा मला घालून द्या ना.” तिचे केस सरळ, रेशमासारखे. सगळं तस्संच केलं, पसरट वेटोळं, दोन रबरं. स्किपिंगच्या पहिल्याच मिनिटात वेणी शेवटाकडून सुटत सुटत तिच्या पाठीवर आली. निसरड्या केसांना पेड पकडून ठेवायला काहीतरी खरखरीत लागतं. तेव्हा मला शाळेतली रिबीन आठवली, ती नुसती बांधायची नसे, अर्ध्या वेणीपासून पेडांत गुंफलेली असे. तिला म्हटलं, रिबीन आण. तिने दुकानातून अगदी शाळेतली, लाल सॅटिनची आणली. गुंफली, वेणी गुंडाळली, त्याच रिबिनीची वरून गाठ मारली, आणि ती पूर्ण स्किपिंगभर हलली नाही. ट्रेनर बघून म्हणाला, “हे काय, गॅदरिंग आहे का?” दोघी हसत होतो, तेवढ्यात तिच्या मानेवरून एक गुलाबी ओघळ उतरला. घामाने रिबिनीचा रंग सुटला होता. पांढरा टीशर्ट गेला. आता ती काळी सुती नाडी आणणार आहे. आधी पाण्यात भिजवून बघ, असं मी तिला बजावलंय.